चौपदरी रस्त्यावर मीटरमध्ये ३० का दिसतं? कारचा बोर्ड वाचणारा कॅमेरा आणि मुंबई-गोवा हायवे

नमस्कार मंडळी. गणपतीला गावी निघालाय. हातखंब्याच्या अलीकडे छान चौपदरी पट्टा मिळालाय, गाडी ७५ वर आहे, आणि मीटरमध्ये लाल गोलात आकडा उमटतो ३०. वर टिंग टिंग सुरू. तुम्ही इकडेतिकडे बघता, तर ३० चा बोर्ड कुठेच नाही. मग गाडीला तो दिसला कुठे?

[स्क्रीनवर: मीटरचा जवळून शॉट. लाल कडेचा गोल, शेजारी LIM आणि ८०]

आधी या दोन खुणा वेगळ्या करू, कारण गोंधळ इथूनच सुरू होतो. लाल गोलातला आकडा म्हणजे गाडीला वाटलेली रस्त्याची मर्यादा. LIM च्या शेजारचा आकडा तुम्ही स्वतः स्टिअरिंगवरच्या बटणाने लावलेला असतो, तो लिमिटर, म्हणजे त्या आकड्याच्या वर गाडीला जोर न देणारी सोय. करडा दिसला तर लिमिटर नुसता तयार आहे, रंगीत झाला की काम करतोय. आकड्याच्या जागी --- आलं, तर मर्यादा किती हे गाडीला कळलेलं नाही. आणि ८० ओलांडल्यावर जी टुकटुक होते ना, तिचा या दोघांशी काही संबंध नाही. ती जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीची आहे आणि रस्ता कुठलाही असो, वाजतेच.

आता तो ३०. आरशामागे, काचेला आतून चिकटलेला एक कॅमेरा असतो. तो गोल आकार, लाल कड आणि आतला आकडा शोधत असतो. ताशी ९० ने गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. बोर्ड ५० मीटरवरून वाचता येत असेल, तर कॅमेऱ्याच्या हातात दोनच सेकंद असतात. तेवढ्यात आकडा कुठला हे ठरवायचं, आणि तो बोर्ड आपल्याच रस्त्याचा आहे का हेही.

या दुसऱ्या प्रश्नावर आपल्याकडे घोटाळा होतो. हायवेला लागून सर्व्हिस रोड आहे, त्याच्या कडेला ३० चा बोर्ड आहे. सरळ रस्त्यावर तो कॅमेऱ्याला बराच डावीकडे दिसतो, म्हणून सॉफ्टवेअर तो सोडून देतं. पण रस्ता उजवीकडे वळत असेल तर? वळणात गाडीचं तोंड थेट त्या बोर्डाकडे होतं. दोन सेकंद तो बोर्ड बरोब्बर समोर, आणि गाडी तो आपला मानते. तुमचं लक्ष वळणावर असतं, बोर्ड तुम्ही पाहिलेलाच नसतो.

बरं, वाचला तर वाचला. पुढे कित्येक किलोमीटर ३० च का राहतो? कारण गाडी वाचलेला आकडा धरून ठेवते. दुसरा बोर्ड आला, मर्यादा संपल्याची खूण आली, तुम्ही चौकात वळलात किंवा ठरावीक अंतर गेलं, तरच तो सोडते. युरोपात ‘मर्यादा संपली’ ही खूण सर्रास असते, आणि ही यंत्रणा मुळात तशा रस्त्यांवर घडली. आपल्याकडे काम चालू असताना ३० चा बोर्ड उभा राहतो, काम उरकतं, ठेकेदार निघून जातो, बोर्ड मात्र तिथेच. संपल्याची खूण तर बहुतेक वेळा लावलेलीच नसते. कॅमेऱ्याने वाचलं बरोबर, पण बोर्डच शिळा.

आकडा वाचण्यातही खास कोकणी अडचण आहे.

[स्क्रीनवर: ८० चा बोर्ड, डावी कड हिरवी झालेली]

हा बघा. पावसाळ्यात बोर्डावर शेवाळ चढलंय, ८ ची डावी बाजू झाकली गेली. उरलं काय? ३. माणूस संदर्भाने ८० ओळखतो, कॅमेरा ३० म्हणून मोकळा होतो. उलटंही एक आहे. ‘वेगमर्यादा ताशी ४० कि.मी.’ असा देवनागरी आकड्यांचा चौकोनी फलक तुम्ही वाचता, पण कॅमेरा शोधतोय लाल गोल आणि इंग्रजी आकडा. त्यामुळे असा फलक त्याच्या लेखी सहसा नसतोच. शिवाय पुढच्या ट्रकच्या पाठीवर गोलात ८० किंवा ४० चिकटवलेलं असलं, तर तेही रस्त्याचा बोर्ड म्हणून वाचलं जाऊ शकतं.

काही गाड्या कॅमेऱ्याबरोबर नकाशाही बघतात. तिथे चूक वेगळ्या जातीची. कणकवलीत उड्डाणपूल आहे. उपग्रहांच्या सिग्नलवरून गाडीला आपली जागा काही मीटरांच्या फरकाने कळते, उंची त्याहून कच्ची. तुम्ही पुलावर आहात की खाली बाजारात, हे नुसत्या जागेवरून नीट कळत नाही. कशेडीच्या बोगद्यात तर उपग्रहच दिसत नाही, आणि नकाशा बोगद्याआधीचा असेल तर गाडी तुम्हाला जुन्या घाटात चढवते.

मग चूक कोणाची, हे कसं ओळखायचं? आकडा बदलला की लगेच आजूबाजूला बघायला शेजारच्याला सांगा, तुम्ही रस्त्यावर लक्ष ठेवा. बोर्ड ओलांडताक्षणी बदलला तर कॅमेरा. ट्रक पुढे आला की बदलतो आणि ट्रकला मागे टाकल्यावरही तोच राहतो, तर स्टिकर. बोर्ड नाहीच, पण जाता-येता दर वेळी त्याच जागी बदलतो, तर नकाशा. नकाशा असेल तर सर्व्हिस सेंटरमध्ये नेव्हिगेशन अपडेट मागा, कॅमेऱ्याला हात लावायची गरज नाही.

प्रत्येक वेळी नवनव्या जागी चुकत असेल, तर आधी काच बघा. हर्णै, गुहागरच्या बाजूला रात्रभर गाडी उभी राहिली की खारट थर बसतो, त्यावर जांभ्याची लाल धूळ. वायपर कोरडा फिरवू नका, ओरखडे नेमके कॅमेऱ्यासमोर येतात. भरपूर पाणी, मग मऊ कापड. वायपरची पट्टी त्या भागात रेघ सोडत असेल तर बदला. काळं कव्हर उघडून आत पुसायला जाऊ नका.

पुढची काच बदलली असेल, तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन झालं का ते विचारा, आणि बिलावर लिहून घ्या. कॅमेरा एक अंश जरी वाकडा बसला, तरी ३० मीटरवर अर्ध्या मीटरचा फरक पडतो, साठवर एक मीटरचा. सर्व्हिस रोड आणि हायवे यांच्यात गल्लत व्हायला तेवढं पुरतं.

आता लिमिटर. काही गाड्यांत वाचलेला आकडा थेट लिमिटरला लावायची सोय असते. मुंबई-गोवा हायवेवर ती बंद ठेवा, असं माझं स्पष्ट मत. मागे ट्रेलर असताना गाडी आपोआप ३० कडे सरकू लागली, तर धोका ८० ने जाण्यापेक्षा मोठा. मेनूमध्ये पर्याय असेल तर ‘आधी विचारून लावा’ निवडा. आकडा दिसू द्या, आवाज हवा तर बंद करा. आणि लिमिटर लागलेला असताना ओव्हरटेकला जोर हवा असेल, तर ॲक्सिलरेटर पूर्ण तळापर्यंत दाबा, बहुतेक गाड्यांत तो तात्पुरता सुटतो.

घाट उतरताना एक लक्षात असू द्या. पुष्कळ गाड्यांत लिमिटर फक्त इंजिनची ताकद कमी करतो, ब्रेक लावत नाही. आंबोलीच्या उतारावर ४० लावलंत, तरी गाडी ५० ला जाईल आणि LIM चा आकडा नुसता लुकलुकत राहील. तो बिघाड नव्हे. खालचा गिअर टाका.

आणि खरी मर्यादा किती? २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला १००, नगरपालिका हद्दीत ७०. स्थानिक प्रशासन ती कमी करू शकतं, आणि तसा बोर्ड असेल तर तोच धरायचा. दंडाच्या वेळी ‘माझ्या मीटरमध्ये ८० दिसत होतं’ हे सांगून उपयोग नाही.

तुमच्या गाडीला कुठल्या वळणावर भलताच आकडा दिसतो, ते गावाच्या नावासकट कमेंटमध्ये टाका. बोर्ड, ट्रक की नकाशा, तेही लिहा.