बाळाची पावडर कढत पाण्यात, दूध कोमट: मधली दहा मिनिटं

नमस्कार. आज आपण लालबागला, माझ्या माहेरच्या स्वयंपाकघरात आहोत. मागे कुकर वाजला तर सांभाळून घ्या, आमटी लागलीये.

इथे महिन्याभरापासून एक वाद चालू आहे. माझा भाचा पाच आठवड्यांचा आहे. दिवसांआधी झाला, वजन कमी होतं आणि वहिनीला दूध पुरत नाही, म्हणून डॉक्टरांनी वरची पावडर लिहून दिली. आई म्हणते, उकळून कोमट केलेल्या पाण्यात कालव. वहिनी म्हणते, डॉक्टरांनी कढत पाणी सांगितलंय. मी बाळांच्या विभागात नर्स आहे, त्यामुळे दोघींनी मला पंच केलं. मी वहिनीच्या बाजूने आहे. आई अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

आईची चूक समजण्यासारखी आहे. पाणी उकळलं म्हणजे जंतू मेले, मग ते गार झालं तरी काय बिघडलं, असं आपल्याला वाटतं. पाण्यातले मेले, हे खरंच. पण पावडरीचं काय? सीलबंद डब्यातली पावडरसुद्धा निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू असू शकतो, क्वचित साल्मोनेलाही. क्रोनोबॅक्टर कोरड्या पावडरीत महिनोन्‌महिने तग धरतो. कोमट पाणी मिळालं की वाढायला लागतो. मोठ्या माणसाला त्याने सहसा काही होत नाही, पण दोन महिन्यांच्या आतलं किंवा दिवसांआधी जन्मलेलं बाळ असेल तर रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात संसर्ग होऊ शकतो. फार क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेततं.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली सांगितलं की पावडर घालताना पाणी किमान 70 अंश सेल्सिअस असावं. इथे पाणी नुसतं पावडर विरघळवत नाही, तिच्यातले जंतूही मारतं.

आता डबा हातात घ्या. बऱ्याच डब्यांवर कोमट पाणीच लिहिलेलं असतं. काही पावडरींत चांगले जीवाणू मुद्दाम घातलेले असतात, ते कढत पाण्यात मरतात. थोड्या गुठळ्याही होतात आणि काही जीवनसत्त्वं कमी होतात. तेव्हा डबा आणि डॉक्टर वेगवेगळं सांगत असतील तर डॉक्टरांनाच विचारा, विशेषतः बाळ दोन महिन्यांच्या आतलं, कमी वजनाचं किंवा आजारी असेल तर. डब्यावर लिहिलंय म्हणून प्रश्न मिटला, असं समजू नका.

बरं, 70 अंश ओळखायचे कसे? सर्वसाधारण सल्ला असा की एक लिटर पाणी उकळा, झाकून ठेवा आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा. यातला 'एक लिटर' हा शब्द सगळे विसरतात. वहिनी रात्री दोन वाजता छोट्या टोपात कपभर पाणी उकळायची, गॅस बंद करायची आणि रडणाऱ्या बाळाला उचलायला जायची. कपभर पाणी पसरट टोपात उघडं राहिलं तर दहा मिनिटांतच 70च्या खाली येतं.

दुसरी गोष्ट मला स्वतःलाही थर्मामीटर लावल्यावरच पटली. हे बघा, या टोपातलं पाणी 82 अंश आहे. यातलं 90 मिली मी या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीत ओतते. आता बाटलीत बघा, 73. नऊ अंश गार बाटलीनेच खाल्ले. म्हणजे मी टोपातलं पाणी 75 होईपर्यंत थांबले असते, तर बाटलीत पडेपर्यंत ते 70च्या खाली गेलं असतं. म्हणून छोटी बाटली करायची असेल तर अर्धा तास पुरता वाट बघू नका. लिटरभर पाणी उकळल्यावर दहा-पंधरा मिनिटांत वापरा. ही बाटली दाखवण्यापुरती आहे. बाळाच्या बाटलीत थर्मामीटर बुडवायचा नाही.

रात्रीसाठी वहिनीला मी थर्मास दिलाय. झोपताना उकळतं पाणी काठोकाठ भरायचं आणि झाकण घट्ट लावायचं. चांगल्या थर्मासात काही तास ते 70च्या वर टिकतं. आमचा कितपत टिकवतो, हे एकदा थर्मामीटरने बघून घेतलं. तुम्हीही बघा, कारण जुना थर्मास दगा देतो.

पाणी आधी, पावडर नंतर. आमच्या डब्यावर 30 मिलीला एक सपाट चमचा आहे, म्हणून 90ला तीन. तुमच्या डब्यावर असेल ते माप घ्या. बूच लावा, हलवा. आता बाटलीत जवळजवळ 70 अंशांचं दूध आहे आणि बाळ टाहो फोडतंय. एवढ्या गरम दुधाने तोंड भाजतं, तेव्हा ते शरीराइतकं कोमट, 37च्या आसपास, आणायचंय.

घाईत दोन गोष्टी होतात. एक, वरून गार पाणी ओतलं जातं. त्याने दूध पातळ होतं आणि पाणी न उकळलेलं असेल तर नवे जंतू जातात. बर्फाचा तुकडाही आत नाही. दोन, बाटली ओट्यावर ठेवून देतात. मुंबईच्या हवेत ती फार सावकाश निवते आणि बराच वेळ नेमकी जंतूंना मानवणाऱ्या ऊबेत राहते. निववायचं तर झटपट.

असं करा. मोठ्या पातेल्यात गार पाणी घ्या, त्यात बाटली उभी ठेवा. पाणी बुचाच्या खालीच हवं, नाहीतर ते फटीतून आत झिरपेल. बाटली सारखी गोल फिरवत राहा. पातेल्यातलं पाणी कोमट लागलं की बदला. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळालाच गरम येतं, तेव्हा माठातलं घ्या नाहीतर बाहेरच्या पाण्यात बर्फ टाका. बाहेर चालेल. ही 90 मिलीची बाटली मला पाच-सहा मिनिटं लागली. काचेची असेल तर लवकर होते.

बाहेर काढलीत की आधी पुसा. हे बहुतेक जण करत नाहीत. बाटली उपडी केली की बाहेरचं पाणी ओघळून निपलवर येतं आणि तिथून बाळाच्या तोंडात.

मग पुन्हा हलवा. कडेचं दूध आधी निवतं, मधलं गरम राहतं. न हलवता थेंब टाकलात तर तो कडेचा, निवलेला थेंब तुम्हाला फसवेल. हलवून झालं की मनगटाच्या आतल्या बाजूवर दोन-तीन थेंब टाका. गरमही लागू नये, गारही नाही. माझे हात भांडी घासून निबर झालेत, त्यांना 45 अंशही कोमट वाटतात. म्हणून मनगटच. दूध फार गार झालं तर गरम पाण्यात बाटली धरा, मायक्रोवेव्हमध्ये नको. त्यात बाटली बाहेरून बरी लागते आणि आत मधेच कढत कप्पे राहतात.

70 अंशांनीही सगळेच जंतू जात नाहीत, काहींचे बीजाणू तग धरतात. त्यामुळे केलेलं दूध दोन तासांत संपवा. बाळाने तोंड लावलेलं उरलं तर लगेच ओता, पुढच्या वेळेला ठेवू नका.

काल भाच्याने 20 मिली टाकलं. आईने बाटली उचलून फ्रिजचं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मोरीत रिकामी केली. "एवढं महागाचं दूध," म्हणाली.