एक सेंट हिरा, एक थेंब पाणी

[लक्ष्मी रस्ता, सकाळ. सराफाच्या गादीवर हिऱ्यांची पुडी उलगडते.]

या पुडीत पन्नास हिरे आहेत. सगळे प्रयोगशाळेत वाढवलेले, प्रत्येकी साधारण एक सेंटचे. कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम आणि त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंट. म्हणून एक सेंट म्हणजे फक्त २ मिलिग्रॅम. बारीक मोहरीएवढ्या अशा एका खड्यात कार्बनचे अणू किती असतील?

[काट्याचा जवळून शॉट. चिमट्यातला एकच खडा ताटलीत.]

सुरुवात काट्यापासूनच करायला हवी, कारण उत्तर बिघडतं ते बहुतेक इथेच. हा काटा कॅरटचा हजारावा भाग दाखवतो. एक खडा ठेवला, आकडा आला ०.०१०. तोच उचलून परत ठेवला तर ०.०११. तिसऱ्यांदा ०.००९. शेवटचा अंक एका घराने हलला की आपली मोजणी दहा टक्क्यांनी हलते. वरचा पंखा चालू असेल किंवा काट्याची काच उघडी असेल, तर आकडा ठरतच नाही. खडा बोटाने उचलायचा नाही, चिमट्यानेच उचलायचा. हिऱ्याला तेलकटपणा फार लवकर चिकटतो आणि दोन मिलिग्रॅमच्या वस्तूवर बोटाचा ओशटपणाही वजनात येऊ शकतो.

[पन्नास खडे एकदम ताटलीत ओततात.]

यावर उपाय साधा आहे. पन्नासही खडे एकत्र तोलायचे. आकडा आला ०.५१२ कॅरट. शेवटचा अंक आताही एका घराने चुकू शकतो, पण पन्नास खड्यांत ती चूक टक्क्याचा पाचवा भाग एवढीच उरते. ०.५१२ कॅरट म्हणजे १०२.४ मिलिग्रॅम. पन्नासाने भागलं की सरासरी एका खड्याचे २.०४८ मिलिग्रॅम.

[वहीचं पान, पेन्सिलीने मांडलेलं गणित.]

पुढचं गणित अकरावीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला येतं. १२.०११ ग्रॅम कार्बनमध्ये ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके अणू, हीच ॲव्होगाड्रो संख्या. त्या हिशेबाने आपल्या खड्यात १.०३ गुणिले १० चा २० वा घात. आपल्या जुन्या गणितात स्थानांची नावं परार्धापाशी संपतात, म्हणजे १० च्या १७ व्या घातापाशी. मोहरीएवढ्या या खड्यात एक हजार परार्धांहून थोडे जास्तच अणू आहेत.

पण याला मोजणं म्हणता येईल का? ६.०२२ ही संख्या आपण पुस्तकातून उचलली आणि भागाकार केला. वर्गात बहुतेक वेळा इथेच थांबतात, आणि ते बरोबर नाही. अणू खरोखर मोजता येतात, कारण हिऱ्यात ते शिस्तीत रचलेले असतात.

[पुण्यातल्याच एका महाविद्यालयाची प्रयोगशाळा. टेबलावर गोळ्या-काड्यांची प्रतिकृती, हाताने हळूहळू फिरवलेली.]

ही हिऱ्याच्या एका घनाची प्रतिकृती. असे घन एकाला एक लागून सगळा हिरा बनतो. आठ कोपऱ्यांवर आठ अणू दिसतात, पण प्रत्येक कोपरा शेजारच्या घनांसह एकूण आठ घनांच्या वाट्याला येतो. म्हणून कोपऱ्यांचे सगळे मिळून एकच अणू धरायचा. सहा बाजूंच्या मधोमध एकेक अणू आहे. त्यातला निम्मा आपला, निम्मा शेजारच्या घनाचा, म्हणून तीन. आत पूर्णपणे आपले असे चार. एकूण आठ. गोळ्या दिसतात अठरा, आणि अठराच धरल्या तर पुढचं सगळं उत्तर दुपटीहून जास्त चुकतं.

[एक्स-रे यंत्र. पडद्यावर आलेख हळूहळू उमटतो.]

घनाची बाजू मोजायला एक्स-किरण लागतात. तांब्यापासून मिळालेले, १.५४ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचे किरण हिऱ्याच्या भुकटीवर सोडले. आलेखात ४३.९ अंशांवर शिखर आलं. त्यावरून अणूंच्या थरांमधलं अंतर निघतं २.०६ अँगस्ट्रॉम, आणि त्याला तीनच्या वर्गमुळाने गुणलं की घनाची बाजू ३.५६७ अँगस्ट्रॉम. घनाचं आकारमान आलं ४.५४ गुणिले १० चा उणे २३ वा घात, घन सेंटिमीटरमध्ये.

[पाण्याच्या चंचुपात्रात बारीक तारेच्या टोपलीत लटकलेला एक कॅरटचा खडा.]

आता हवी घनता. त्यासाठी एक कॅरटचा मोठा खडा घेतला आहे. हवेत त्याचं वजन २००.० मिलिग्रॅम. पाण्यात १४३.३. काटा शून्यावर आणताना रिकामी टोपली पाण्यात बुडालेलीच हवी. ५६.७ मिलिग्रॅमची घट म्हणजे खड्याने बाजूला सारलेलं पाणी. २९ अंशांच्या पाण्याची घनता ०.९९६ धरली की त्यावरून खड्याची घनता येते एका घन सेंटिमीटरला ३.५१ ग्रॅम.

[अगदी जवळून: खड्याच्या कडेला चिकटलेला हवेचा बुडबुडा.]

आणि हा पाहा गुन्हेगार. हिरा पाण्याला दूर सारतो, त्यामुळे त्याच्यावर हवा चिकटून राहते. एक मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा अर्धा मिलिग्रॅम उचलून धरतो आणि घनता ३.४८ दिसू लागते. हिऱ्याची घनता साडेतीनच्या खाली आली की खड्याबद्दल शंका घेण्याआधी बुडबुडा शोधायचा. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला आणि खडा ब्रशने हलकेच पुसला की तो सुटतो.

[वही परत.]

घनता गुणिले घनाचं आकारमान म्हणजे एका घनाचं वस्तुमान. त्याला आठने भागलं की कार्बनच्या एका अणूचं वस्तुमान: १.९९ गुणिले १० चा उणे २३ वा घात ग्रॅम. खड्याच्या २.०४८ मिलिग्रॅमला याने भागलं तर परत तेच, १.०३ गुणिले १० चा २० वा घात. या वेळी पुस्तकातली ६.०२२ ही संख्या कुठेही वापरली नाही. सिलिकॉनची रचनाही हिऱ्यासारखीच, घनात आठ अणूंची. त्याच्या चकचकीत गोळ्यातले अणू असेच मोजले गेले आणि २० मे २०१९ पासून ॲव्होगाड्रो संख्या कायमची ठरवली गेली.

[ड्रॉपरच्या टोकाला लटकलेला पाण्याचा थेंब.]

आता पाणी. पाण्यात अशी बांधीव रचना नाही, रेणू धावत असतात, म्हणून हिऱ्याची युक्ती इथे चालत नाही. पण कार्बनचा अणू आता आपल्या हाताशी आहे. कार्बन १२.०११ धरला तर ऑक्सिजन १५.९९९ आणि हायड्रोजनचे दोन अणू मिळून २.०१६, म्हणजे पाण्याचा रेणू १८.०१५. गुणोत्तर जवळजवळ बरोबर दीड. पाण्याचा एक रेणू म्हणजे कार्बनचे दीड अणू! म्हणून त्याचं वस्तुमान २.९९ गुणिले १० चा उणे २३ वा घात ग्रॅम. साध्या ड्रॉपरचा थेंब अंदाजे ५० मिलिग्रॅमचा. त्यात रेणू येतात १.७ गुणिले १० चा २१ वा घात.

[विद्यार्थिनीची वही. बाजूला शिक्षिकेचं बोट.]

इथे एक चूक वारंवार होते. १८ ला ॲव्होगाड्रो संख्येने भागायचं सोडून गुणलं जातं. उत्तर येतं १.०८ गुणिले १० चा २५ वा घात ग्रॅम, म्हणजे चंद्राच्या वस्तुमानाचा सातवा भाग. एका रेणूचं! आकडा लिहून झाल्यावर तो थेंबाशेजारी ठेवून पाहिला की चूक लगेच कळते.

[खोडरबर. गुणाकाराचं चिन्ह पुसलं जातं, जागी भागाकार येतो. खाली नवं उत्तर.]

२.९९ गुणिले १० चा उणे २३ वा घात. पुढे एकक: ग्रॅम. किलोग्रॅममध्ये लिहायचं असेल तर घात उणे २६.