मध्यंतरात उठावं की बसावं?

श्रोतेहो, नमस्कार.

समजा, शनिवारची संध्याकाळ आहे. तिकीट २५० रुपयांचं, सिनेमा दोन तास चाळीस मिनिटांचा, आणि आत्ताच मध्यंतर झालंय. सिनेमात काही दम नाही हे तुम्हालाही कळलंय आणि बरोबरच्या माणसालाही. तरी घंटा वाजली की दोघंही मुकाट्यानं आत जाता. का, तर ‘पैसे घातलेत, वसूल तरी करू!’

पण वसूल होतं काय? उठून गेलात तरी ते २५० रुपये परत येत नाहीत आणि बसून राहिलात तरी येत नाहीत. दोन्हीकडे सारखाच असलेला आकडा हिशेबातून खोडून टाकायचा. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्च म्हणतात. तो खोडला की उरतात पुढची ऐंशी मिनिटं. म्हणून मध्यंतरात स्वतःला एवढंच विचारायचं, की आत्ता कुणी या उरलेल्या अर्ध्या सिनेमाचा पास फुकट दिला असता, तर मी आत गेलो असतो का? उत्तर ‘नाही’ असेल तर गाडीची किल्ली काढा.

हे ऐकायला सोपं, करायला अवघड. आर्क्स आणि ब्लूमर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली याबद्दल एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात अख्ख्या हंगामाचं तिकीट १५ डॉलरला होतं. खिडकीवर आलेल्यांपैकी काहींना ते पूर्ण किमतीला दिलं, काहींना २ डॉलर कमी करून, तर काहींना ७ डॉलर कमी करून. कुणाला सवलत द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं, म्हणजे तिन्ही गटांची नाटकाची आवड साधारण सारखीच धरायची. तरीही हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना आले. नाटकं तीच, पण खिशाला बसलेली चाट त्यांना खुर्चीकडे ओढत होती. दुसऱ्या अर्ध्या भागात हा फरक जवळजवळ विरून गेला. पैशाचा सल ताजा असतो तेव्हाच जास्त टोचतो, आणि मध्यंतरात तर तो जेमतेम दीड तासाचा असतो.

घरी मोबाईलवर किंवा टीव्हीवर सिनेमा बघताना वेगळं तिकीट नसतं. तिथे बुडीत जातो तो वेळ. ‘दीड तास बघितलाच आहे, आता अर्ध्या तासासाठी कशाला सोडू?’ या वाक्यात दोन कारणं एकमेकांत मिसळलेली आहेत, ती वेगळी करायला हवीत. दीड तास गेला म्हणून पुढे बघणं, हे तिकिटासारखंच चुकीचं. पण शेवट आता फक्त अर्ध्या तासावर आलाय आणि तो जाणून घ्यायची खरंच इच्छा आहे, तर ते कारण रास्त आहे. फरक कसा ओळखायचा? कुणी शेवट दोन वाक्यांत सांगितला तर चालेल का, हे बघायचं. चालत असेल तर सिनेमा बंद करा आणि शेवट वाचून घ्या.

आता थांबायचं किती? माझा ढोबळ नियम पाव सिनेमाचा आहे. एकशे साठ मिनिटांच्या सिनेमाला चाळीस मिनिटं द्यायची. तोवर कुणाला काय हवंय आणि आडवं काय येतंय, एवढं बहुतेक कथानकांत दिसू लागतं. दहाव्या मिनिटाला उठणं हा उतावळेपणा झाला. संथ सिनेमाला मात्र हा नियम ताणून लावावा लागतो, कारण तिथे गोष्ट पुढे सरकत नसली तरी चौकटीत काहीतरी घडत असतं. तुम्ही ते बघताय की घड्याळ बघताय, हे तपासा. आणि दिवसभराच्या दमणुकीनं डोळे मिटत असतील तर तो सिनेमाचा दोष नाही. घरी असाल तर थांबवून उद्या बघा.

२०२४च्या अखेरीस पीव्हीआर आयनॉक्सनं दिल्ली-गुरुग्राममध्ये एक योजना आणली. तिकीट थोडं महाग, पण मधूनच बाहेर पडलात तर उरलेल्या वेळेनुसार काही रक्कम परत. अशा ठिकाणी सगळा खर्च बुडीत राहत नाही. परत मिळणारे पैसे हिशेबात धरायलाच हवेत, कारण बसून राहिलात तर ते तुम्ही खरोखर घालवताय.

राहता राहिली बरोबरची मंडळी. चौघं गेलात आणि तिघं रंगलेत, तर तुमच्या ऐंशी मिनिटांच्या पलीकडे परतीची एकच गाडी आणि नंतरचं एकत्र जेवणही आहे. तेव्हा आत जाणं हाच बरा सौदा ठरू शकतो. एकटे असाल आणि उठायचंच ठरवलं, तर ते मध्यंतरातच उरका. नंतर अंधारात अख्ख्या रांगेला पाय आखडून घ्यायला लावू नका.

नमस्कार.