एक चिमूट, दोन भाषा

[दृश्य: सांगलीचं मार्केट यार्ड. सौद्यासाठी ओतलेले हळकुंडांचे ढीग.]

सौद्याला आलेला व्यापारी हळकुंड मोडतो, आतला रंग बघतो आणि भाव बोलतो. तीच हळद दळून १०० ग्रॅमच्या पाकिटात गेली की गिऱ्हाइकाला मोडून बघायला काही उरत नाही. तिथं पाकिटावरची ओळच बोलते.

मी अशा ओळी लिहितो. माझ्याकडे आलेल्या शेठना आपली हळद महाराष्ट्राबरोबर मध्य प्रदेशातही विकायची होती. ओळ त्यांनी तयारच आणली होती: "हरिपूरच्या पेवातली हळद."

[दृश्य: हरिपूर, कृष्णाकाठ.]

मराठी माणसाला ही ओळ लगेच कळते. हरिपूरला जमिनीत खोदलेल्या पेवांत हळद साठवायचे, आणि ज्यानं पेव कधी पाहिलं नाही त्यालाही 'पेव फुटणं' ठाऊक असतं. भोपाळच्या बाईला मात्र हरिपूर म्हणजे कुठलंसं गाव. 'पेव'चं हिंदी करायला गेलं की 'गड्ढे में रखी हल्दी' होतं. असली हळद स्वयंपाकघरात कोण नेईल?

लिपी दोन्हींची देवनागरी, शब्दही बरेच सारखे, म्हणून इथं फसायला होतं. एका भाषेत ओळ जमली की शब्द बदलून दुसरीत उतरेल असं वाटतं. मी उलट्या बाजूनं सुरुवात करतो. आधी यमक नाही, अलंकार नाही, सांगायचं काय ते एका साध्या वाक्यात. शेठना विचारलं, "तुमची हळद नेलेली बाई परत का येते?" ते म्हणाले, "अहो, जास्त घालावी लागत नाही."

हेच ते वाक्य. पण ते खरं हवं. म्हणून घरी दोन पातेल्यांत सारखीच डाळ शिजवली. एकीत दुकानातली सुटी हळद, दुसरीत शेठची, दोन्ही मोजून सारख्याच. फरक डोळ्यांना दिसला, तेव्हा पुढं गेलो.

[दृश्य: दोन पातेली शेजारी शेजारी.]

पहिला खर्डा असा होता: "चिमूटभर हळद, पातेलंभर रंग." हिंदीत, "चुटकी भर हल्दी, पतीला भर रंग." चिमूट आणि चुटकी, पातेलं आणि पतीला, 'भर' दोन्हीकडे, 'रंग' दोन्हीकडे. कागदावर इतकी जुळलेली जोडी क्वचितच सापडते, त्यामुळे मी खूश होतो.

मग ओळी लोकांना ऐकवल्या. मराठी ओळ फक्त मराठी बोलणाऱ्याला, हिंदी ओळ मराठी अजिबात न येणाऱ्याला. "आवडली का?" असं विचारायचं नाही, त्याला सगळे हो म्हणतात. विचारायचं, "यातून काय समजलं?" मिरजेच्या एका मावशींनी पाकीट उलटंपालटं करून विचारलं, "रंग घालतात का हो ह्यात?" इंदूरहून आलेल्या पाहुण्यांनाही तीच शंका आली. हळदीत भेसळीचा पिवळा रंग असतो ही धास्ती दोन्हीकडे आहे. माझा शब्द दोन्ही भाषांत बरोबर होता आणि दोन्ही भाषांत संशय जागवत होता. भाषांतर कितीही तपासलं असतं तरी हे सापडलं नसतं.

शेठ म्हणाले, "मग 'शुद्ध, अस्सल' टाका." पण खाद्यपदार्थांच्या जाहिरातीत असे शब्द कधी वापरायचे याच्या अटी २०१८च्या नियमांत आहेत. शिवाय प्रत्येक पाकिटावर तेच लिहिलेलं असतं.

रंग गेला, पातेलंही गेलं. उरली चिमूट. 'चुटकी' मराठीत चालत नाही, कारण आपल्याकडे चुटकी वाजवतात. हिंदीत चुटकी वाजवतातही आणि तीत मीठही धरतात. पण तीन बोटांत धरलेली हळद दोन्हीकडे एकच. कल्पना त्या बोटांत होती, शब्दांनी फक्त तिच्याकडे बोट दाखवायचं होतं.

[दृश्य: तीन बोटांची चिमूट, अगदी जवळून.]

मराठी ओळ झाली: "चिमूटभर, बस्स!" जोड 'स्स' मुद्दाम घेतला. नुसतं 'बस' लिहिलं तर कुणीतरी बसायला सांगतंय असं वाचलं जातं. हिंदीत तोच क्रम ठेवून "चुटकी भर, बस!" केलं, तर पाहुणे म्हणाले, "इतनी-सी देंगे क्या?" पाकिटात हळदच कमी आहे, असा अर्थ त्यांनी लावला. क्रम उलटवला: "बस, चुटकी भर!" आता त्याचा अर्थ एवढीशी पुरते, असा लागला.

शेठना एकच काळजी होती, लोक कमी वापरतील तर खप कसा वाढणार? मला वाटतं, जी बाई आज सुटी हळद घेते तिला पाकिटाकडे वळवायचं असेल तर हेच कारण सांगावं लागेल. त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी होकार कळवला.

छापखान्यात दोन पाकिटांची कामं गेली. चित्र एकच, तीन बोटं आणि हळद. नागपूरच्या पाकिटावर 'बस्स' शेवटी, भोपाळच्या पाकिटावर 'बस' सुरुवातीला.

[दृश्य: छपाईयंत्रातून सरकणारे दोन्ही पाकिटांचे कागद.]