सरासरी चौदा टक्के, आणि हातात तोटा
(बेळगावातील एका वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आकड्यांनाच हात घालू. २००७ च्या अखेरीस सेन्सेक्स २०,२८७ वर बंद झाला. २००८ च्या अखेरीस तो ९,६४७ वर होता आणि २००९ च्या अखेरीस १७,४६५ वर. म्हणजे पहिल्या वर्षी ५२.४५ टक्के घट, दुसऱ्या वर्षी ८१.०३ टक्के वाढ. आता या दोन टक्क्यांची शाळेत शिकवतात तशी सरासरी काढा. बेरीज २८.५८, भागिले दोन, म्हणजे वर्षाला १४.२९ टक्के. कुणी असा कागद दाखवला तर बँकेतली ठेव मोडावी असंच वाटेल.

पण कागद बाजूला ठेवून पैशाकडे बघा. एक लाख रुपये घातले होते. पहिल्या वर्षाअखेर त्याचे ४७,५५४ झाले. त्यावर ८१ टक्के वाढ मिळाली आणि दोन वर्षांनी ८६,०९० रुपये उरले. सरासरी चौदा टक्के आणि खिशातले चौदा हजार गेले! लाभांश मी यात धरलेला नाही, पण तो धरला तरी हे चित्र पालटत नाही.

यात खोटा आकडा एकही नाही. गोम अशी की, टक्के दोन वेगवेगळ्या रकमांवर लागले आहेत. ५२ टक्के घट लाखावर बसली आणि ८१ टक्के वाढ साडेसत्तेचाळीस हजारांवर. आपण त्यांची बेरीज केली, आणि बेरीज करताना दोन्ही जणू एकाच रकमेवरचे आहेत असं गृहीत धरलं. पैसा मात्र बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतो. पहिल्या वर्षाचा गुणक ०.४७५५, दुसऱ्याचा १.८१०३, आणि त्यांचा गुणाकार ०.८६१. त्याचं वर्गमूळ ०.९२८. म्हणजे खरा वार्षिक दर उणे ७.२ टक्के. यालाच भूमितीय सरासरी म्हणतात, आणि म्युच्युअल फंडाच्या कागदावर सीएजीआर लिहिलेलं असतं ते हेच.

आता माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा भाग. हा फरक नेमका किती पडतो, हे आठवी-नववीच्या बीजगणितातून कळतं. `(a + b)(a − b) = a² − b²` हे सूत्र आठवतं ना? त्यात `a` म्हणजे सरासरी गुणक आणि `b` म्हणजे सरासरीपासून वरखाली झालेलं अंतर. आपल्या उदाहरणात सरासरी १.१४२९ आहे आणि दोन्ही वर्षं तिच्यापासून ०.६६७४ इतकी लांब आहेत, एक खाली, एक वर. सरासरीचा वर्ग १.३०६. अंतराचा वर्ग ०.४४५. वजा केलं की ०.८६१. तंतोतंत तेच उत्तर! चढउतार पैसे कसे खातो, ते या वजाबाकीत उघड दिसतं.

आणि वजा होतो तो अंतराचा वर्ग, हे नीट लक्षात घ्या. सरासरी दहा टक्केच ठेवू. दोन्ही वर्षी दहा-दहा टक्के मिळाले तर लाखाचे १,२१,००० होतात. एका वर्षी तीस आणि दुसऱ्या वर्षी उणे दहा मिळाले तर १,१७,०००, म्हणजे चार हजार कमी. आता चढउतार दुप्पट करा, एकदा पन्नास आणि एकदा उणे तीस. हातात १,०५,००० येतात, म्हणजे सोळा हजार कमी. हेलकावा दुप्पट, नुकसान चौपट. आधी चढ आला की आधी उतार, याचा काही संबंध नाही. गुणाकार कुठल्याही क्रमानं केला तरी तेवढाच येतो.

वर्षं जास्त असली तर एक ढोबळ नियम आहे. प्रमाण विचलन म्हणजे परतावा सरासरीपासून साधारण किती लांब जातो त्याचं माप. त्याचा वर्ग करा, त्या वर्गाचा निम्मा भाग साध्या सरासरीतून वजा करा. सरासरी १२ टक्के आणि विचलन २० टक्के असेल तर ०.२० चा वर्ग ०.०४, निम्मा ०.०२, म्हणजे पैसा साधारण दहा टक्क्यांनी वाढेल. विचलन ३० टक्के झालं की साडेचार टक्के जातात. हा अंदाज मध्यम हेलकाव्यांना चालतो. २००८ आणि २००९ या आपल्या दोन वर्षांना लावला तर उणे आठ येतात, खरे उणे ७.२ होते.

शहापूरकडच्या एका काकांनी इथं मध्येच विचारलं, "ओ सर, मग साधी सरासरी चुकीचीच म्हणायची काय?" फार चांगला प्रश्न. काका, तुमच्या व्यापारात ती बरोबर असू शकते. बटाट्याचा एखादा व्यापारी दर हंगामाला ठरलेलं एक लाखच भांडवल घालतो असं धरा. नफा झाला की घरखर्चाला काढतो, तोटा झाला की बाहेरून भर घालून लाख पुरा करतो. त्याला हेच दोन आकडे मिळाले तर पहिल्यांदा ५२,४५० गेले, दुसऱ्यांदा ८१,०३० आले आणि २८,५८० निव्वळ उरले. दर हंगामी १४,२९०. इथं साध्या सरासरीनं फसवलं नाही, कारण प्रत्येक वेळी टक्के त्याच रकमेवर लागले. भांडवल तसंच राहू दिलं आणि नफातोटा त्यातच मुरला, की मात्र भूमितीय सरासरीच बघायची.

म्हणून कुणी दहा वर्षांच्या टक्क्यांची यादी करून खाली सरासरी मांडली, तर एवढंच विचारा: सुरुवातीला किती होते, शेवटी किती झाले, वर्षं किती? मधे पैसे घातले-काढले नसतील तर या तीन आकड्यांवरून दर निघतो. दरमहा एसआयपी असेल तर प्रत्येक हप्त्याची तारीख धरणारा एक्सआयआरआर लागतो, तिथं हे चालणार नाही.

शेवटचा प्रश्न एका ताईंचा होता, निम्मे पैसे ठेवीत ठेवले असते तर? करून बघू. ठेवीचा दर ८ टक्के धरू. पन्नास हजारांच्या ठेवीचे वर्षानं ५४,००० झाले, शेअरमधल्या पन्नास हजारांचे २३,७७७. एकूण ७७,७७७. इथं ठेवीतले १५,१११ काढून शेअरमध्ये घातले आणि पुन्हा दोन्हीकडे निम्मे केले. पुढच्या वर्षाअखेर एकूण साधारण १,१२,४०० होतात. साधी सरासरी १४.२९ वरून ११.१५ वर आली, तरी हातात जास्त पडले, कारण अंतर निम्मं झालं आणि त्याच्या वर्गाची वजावट चौथाईवर आली. काही न हलवता दोन्हीकडे तसंच सोडलं असतं तर १,०१,३६५ मिळाले असते. मात्र ताई, बाजार वर्षानुवर्षं एकाच दिशेनं चढत राहिला तर असं निम्मं-निम्मं करण्यानं उलट कमी मिळतं. शिवाय डिसेंबर २००८ मध्ये, बाजार एका वर्षात निम्म्याखाली आलेला असताना, ठेव मोडून ते पंधरा हजार घालावे लागले असते.