भिंतीतला नळ कोणाचा?

(सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांपुढे एका वकिलांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, पत्रिकेवर माझा विषय ‘भाडेकरारातील दुरुस्तीचे कलम कसे वाचावे’ असा छापला आहे आणि त्यासाठी मला पाऊण तास दिला आहे. कलम मी वाचून दाखवणारच आहे, पण त्याआधी एक तक्रार मांडायची मुभा घेतो. आपल्याकडे लीव्ह अँड लायसन्सचा करार करायला घरी माणूस येतो, मालकाचा अंगठा घेतो, भाडेकरूचा अंगठा घेतो, फोटो काढतो आणि चहा निवायच्या आत निघून जातो. भाडे किती आणि डिपॉझिट किती, एवढेच त्या वेळी वाचले जाते. दुरुस्तीचे कलम आधीच्या कुठल्यातरी करारातून जसेच्या तसे उतरलेले असते आणि त्यात एक वाक्य हमखास असते: ‘किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने व मोठी दुरुस्ती मालकाने करावी.’ माझी तक्रार या वाक्याविरुद्ध आहे. किरकोळ म्हणजे किती आणि मोठी म्हणजे कोणती, हे त्यात कुठेही सांगितलेले नसते, आणि नळ फुटल्यावर दोघेही त्याच वाक्यावर बोट ठेवून एकमेकांकडे बिल सरकवतात.

माझ्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. नावे सांगत नाही, कारण दोन्ही पक्ष सज्जन आहेत आणि त्यांपैकी एक जण कदाचित या सभागृहात बसलेले असतील. (हशा) पुण्यातील जुन्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, डिपॉझिट ७५,००० रुपये. न्हाणीघराला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर ओल दिसू लागली. भाडेकरूने तिच्यापुढे कपाट सरकवले आणि महिनाभर काही कळवले नाही. मग खालच्या मजल्यावरच्या काकू छताचे पोपडे पडल्याची तक्रार घेऊन वर आल्या आणि सोसायटीचे पत्र मालकाला गेले. त्याच सुमारास गिझरही बंद पडला. मालकाने प्लंबर पाठवला, भिंत फोडली, काम झाले. करार संपल्यावर मालकाने डिपॉझिटमधून २६,२०० रुपये कापून ४८,८०० रुपये परत केले. हिशेबात नळाचे काम १,८००, फरशी फोडून पुन्हा बसवणे आणि वॉटरप्रूफिंग १६,०००, खालच्या छताचा गिलावा व रंग ७,५०० आणि गिझरची कॉइल ९०० रुपये अशा चार रकमा होत्या.

मालकांचे म्हणणे असे होते की नळाचे काम अठराशे रुपयांचे, म्हणजे किरकोळ, आणि बाकीचा खर्च त्या किरकोळ कामामुळेच आला. भाडेकरूंचे म्हणणे असे होते की एकूण सव्वीस हजारांची दुरुस्ती मोठीच म्हणायला हवी. दोघांचेही गणित बरोबर होते आणि दोघांचाही युक्तिवाद निरुपयोगी होता. रकमेवरून जबाबदारी ठरवू पाहिली की हेच होते. माझे आवडते मत असे आहे, आणि ते ऐकवण्यासाठीच मी हे निमंत्रण स्वीकारले, की बिल किती आले हे विचारण्याआधी पाणी कुठून आले आणि का आले, हे विचारावे.

ते शोधणे अवघड नसते. फ्लॅटला पाणी देणारा व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवावा. ठिबकणे थांबले, तर दोष बहुधा पुरवठ्याच्या नळात आहे, कारण त्याच नळात सतत दाब असतो. व्हॉल्व्ह उघडा असूनही केवळ अंघोळीनंतरच ओल वाढत असेल, तर सांडपाण्याची वाहिनी, नहाणी ट्रॅप किंवा फरशीखालचे वॉटरप्रूफिंग तपासावे. त्यासाठी ट्रॅपचे तोंड बंद करून न्हाणीघरात बोटभर रंगीत पाणी काही तास साठवतात आणि खाली तोच रंग उतरतो का, ते पाहतात. फक्त पावसाळ्यात ओल येत असेल, तर बाहेरची भिंत किंवा गच्ची यांच्याकडे वळावे, आणि तेथे मालक व भाडेकरू यांच्याआधी सोसायटीचा संबंध येतो. आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या भिंती, सामाईक नळ आणि सांडपाण्याच्या सामाईक वाहिन्या यांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते, आणि संडास, सिंक यांसारख्या घरातल्या गळतीचा खर्च संबंधित फ्लॅटधारकाने करायचा असतो. फ्लॅटधारक म्हणजे सभासद, अर्थात मालक. म्हणून सोसायटी पत्र मालकालाच पाठवते, आणि तो पैसा पुढे भाडेकरूकडून घेता येईल की नाही, हे करारावरून ठरते.

आमच्या प्रकरणात प्लंबरने एक चांगले काम केले होते. भिंत फोडल्यावर त्याने नळाचा तुकडा फेकून दिला नाही, त्याचा फोटो काढला. जुना लोखंडी जीआय नळ होता आणि एल्बोपाशी आतून गंजून त्याला भोक पडले होते. खिळा ठोकल्याची किंवा ड्रिल मारल्याची खूण नव्हती. म्हणजे कारण वय होते, वापर नव्हे. भिंतीत पुरलेला नळ भाडेकरूला दिसत नाही, तपासता येत नाही आणि सोडून जाताना नेताही येत नाही. त्यामुळे नळ, फरशी आणि वॉटरप्रूफिंग या रकमा मालकाच्या पदरी आल्या. तोच नळ आरशासाठी ड्रिल मारताना फुटला असता, तर अठराशेच नव्हे, फरशीचे सोळा हजारसुद्धा भाडेकरूला द्यावे लागले असते.

खालच्या छताचा प्रश्न वेगळा होता. ओल दिसली त्याच आठवड्यात कळवले असते, तर छतापर्यंत पाणी कदाचित पोहोचलेच नसते. नळ गंजण्याला भाडेकरू जबाबदार नव्हते, पण कपाट पुढे सरकवून गप्प बसण्याला होते. ती रक्कम दोघांनी निम्मी वाटून घेतली. गिझरच्या नऊशे रुपयांवर मात्र माझा अशील, म्हणजे भाडेकरू, हरला. बोअरच्या पाण्याचे क्षार साचून कॉइल गेली होती, म्हणजे तीही वापराने होणारी झीजच होती. तरीही करारात ‘गिझर व पंखे यांची दुरुस्ती भाडेकरूने करावी’ असे स्पष्ट लिहिलेले होते. शेवटी भाडेकरूंच्या वाट्याला ४,६५० रुपये आले आणि २१,५५० रुपये त्यांना परत मिळाले. त्यांनी माझी फी विचारली तेव्हा माझी थोडी पंचाईत झाली, पण तो आजचा विषय नाही. (हशा)

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटे उरली आहेत. कायदा थोडक्यात सांगतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याचे कलम १४ म्हणते की उलट करार नसेल, तर जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे मालकाचे काम आहे. त्याने टाळाटाळ केली, तर भाडेकरू निदान पंधरा दिवसांची नोटीस देऊन, वाजवी वेळ थांबून, स्वतः दुरुस्ती करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. हे ऐकून लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनी उत्साहात येऊ नये. कलम १४ ‘भाडेकरू’ला हक्क देते आणि लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा मनुष्य कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असतो, जरी आपण बोलताना, आणि मीही गेला अर्धा तास, त्याला भाडेकरूच म्हणत असलो तरी. त्याने कलम १४ च्या भरवशावर शुल्क कापले, तर थकबाकीच्या कलमाखाली परवानाच रद्द होण्याची भीती असते. त्याच्यासाठी करारातले शब्द हाच मुख्य आधार असतो. सुविधाधिकार अधिनियम, १८८२ याचे कलम ५७ एवढे मात्र सांगते की जागेतील धोकादायक दोष मालकाला माहीत असेल आणि परवानाधारकाला नसेल, तर मालकाने तो उघड केला पाहिजे. गिझरच्या सॉकेटला अर्थिंग नाही हे मालकाला माहीत असेल, तर ते सांगणे त्याचे कर्तव्य आहे.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात याद्याच दिलेल्या आहेत. नळवाहिन्या बदलणे, वायरिंग आणि इमारतीची दुरुस्ती मालकाकडे. नळाचे वॉशर, गिझर, स्विच-सॉकेट, गटार साफ करणे, कुलपे आणि खिडकीच्या काचा भाडेकरूकडे. राज्याने स्वतः कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही, पण करार लिहिताना ती यादी नमुना म्हणून समोर ठेवायला हरकत नाही.

आता ज्यासाठी आपण आलात ते कलम. ‘मेंटेनन्स’ या मथळ्याखाली पाहू नका. तिथे बहुधा सोसायटीचे मासिक शुल्क कोणी भरायचे, एवढेच असते. दुरुस्तीचे वाक्य ‘जागेचा वापर’, ‘फेरफार’ किंवा ‘नुकसान’ यांच्या पोटात दडलेले असते. ते सापडले की त्यात ‘नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून’ हे शब्द आहेत का, ते आधी पाहा. नसतील, तर सही करण्यापूर्वी घालून घ्या. मग ‘दुरुस्ती’ आणि ‘बदलणे’ हे दोन्ही शब्द आहेत का, ते पाहा. ‘गिझरची दुरुस्ती भाडेकरूने’ एवढेच लिहिले असेल, तर कॉइल आणि थर्मोस्टॅट त्याच्याकडे येतात, पण टाकी गळू लागल्यावर नवा गिझर त्याने घ्यावा, असा त्याचा अर्थ मी तरी लावणार नाही. रकमेची मर्यादा घालायचीच असेल, तर ती प्रत्येक कामाला की महिन्याला, आणि मजुरी धरून की सोडून, हेही लिहा.

मी स्वतः असे लिहितो, लिहून घ्यायचे असेल त्यांनी घ्यावे: ‘भिंतीतील व फरशीखालील नळ, सांडपाण्याच्या वाहिन्या, वॉटरप्रूफिंग व वायरिंग यांची दुरुस्ती, तसेच मालकाने दिलेले उपकरण आयुष्य संपल्याने बदलण्याचा खर्च, नुकसान परवानाधारकाच्या कृतीने झालेले नसल्यास, मालक करील. वॉशर, तोट्या, स्विच व उपकरणांची नियमित सर्व्हिसिंग परवानाधारक करील. गळती दिसल्यापासून तीन दिवसांत परवानाधारक लेखी कळवील. कळवल्यापासून सात दिवसांत मालकाने काम सुरू न केल्यास परवानाधारक ते करून घेईल व पावत्या दिल्यावर तो खर्च पुढील शुल्कातून वजा होईल.’ शेवटचे अर्धे वाक्य फार महत्त्वाचे आहे, कारण कलम १४ ने परवानाधारकाला न दिलेला हक्क त्यातून मिळतो. फोनवर कळवले, तरी पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर फोटो आणि दोन ओळी टाका, म्हणजे तारीख राहते.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे. एका भगिनींची चिठ्ठी आहे, तिचे उत्तर देऊन थांबतो. त्या विचारतात की करार आधीच नोंदवला असेल आणि त्यात ते ‘किरकोळ-मोठी’ वाक्य असेल, तर काय करावे? बाई, मालक तयार असतील, तर दुरुस्तीपत्र करून तेही नोंदवा. तयार नसतील, तर आज घरी गेल्यावर सगळे नळ, ट्रॅप, गिझर आणि भिंतींचे फोटो काढून त्यांना तारखेसह पाठवा, आणि भिंतीवर ओल असेल, तर तिच्यापुढे कपाट ठेवू नका.