चारशे चाळीस ओहमचा रेझिस्टर का मिळत नाही
(बडोद्यातील विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, आज एकच काम करायचं आहे. आपल्याकडे १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर आहे आणि एक पांढरा एलईडी आहे. तो एलईडी जळू न देता पेटवायचा. त्यासाठी मधे एक रेझिस्टर लागतो. तो कितीचा हवा, दुकानात कोणता मिळेल, आणि हातात आलेला तोच आहे हे कसं ओळखायचं, एवढंच पाहू.

आधी हिशेब. आपला पांढरा एलईडी पेटताना स्वतःवर साधारण ३.२ व्होल्ट घेतो आणि त्याला जास्तीत जास्त २० मिलिअँपिअर प्रवाह द्यायचा आहे, असं धरू. १२ मधून ३.२ गेले, उरले ८.८ व्होल्ट. हे रेझिस्टरने सोसायचे. ८.८ ला ०.०२ ने भागा, उत्तर येतं ४४० ओहम.

आता दुकानात जाऊन ४४० मागितलात, तर ३९० घ्या नाहीतर ४७० घ्या, असं उत्तर मिळेल. इथे नवशिक्याला वाटतं की माल संपला असेल. तसं नाही. रेझिस्टर ठरावीक किमतींतच, म्हणजे ठरावीक ओहमचेच, बनतात. सगळ्यात जास्त वापरात असलेली मालिका बारा आकड्यांची आहे: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२. यांना हवं तेवढ्या दहाच्या पटीने वाढवा किंवा कमी करा. ४७ आहे म्हणजे ४.७, ४७०, ४.७ किलोओहम, ४७ किलोओहम, सगळे आहेत. या मालिकेचं नाव ई१२.

आकडे विचित्र दिसतात, पण त्यांत शिस्त आहे. प्रत्येक आकडा आधीच्याच्या सुमारे १.२१ पट आहे. बारा वेळा असं गुणलं की बरोबर दसपट होते. आणि हे टॉलरन्सशी जुळवलेलं आहे. टॉलरन्स म्हणजे छापलेल्या किमतीपासून खरी किंमत किती टक्के इकडेतिकडे असू शकते त्याची हमी. ३९ चा दहा टक्के टॉलरन्सचा नग ४२.९ पर्यंत जाऊ शकतो, आणि ४७ चा ४२.३ पर्यंत खाली येऊ शकतो. दोघांच्या हद्दी एकमेकांना भिडल्या. मग त्या दोघांच्या मधे ४३ चा वेगळा नग दहा टक्क्यांत बनवून उपयोग काय? टॉलरन्स पाच टक्क्यांवर आला की मधल्या जागा भरायला चोवीस आकड्यांची ई२४ मालिका येते. त्यात ४३ आहे, पण ४४ तरीही नाही.

म्हणून आपण ४७० घेऊ. पाच टक्के टॉलरन्स असेल तर तो खरा ४४६.५ ते ४९३.५ ओहम असेल. प्रवाह येईल १९.७ ते १७.८ मिलिअँपिअर. दोन्ही टोकं २० च्या आत. हेच ४३० घेतला असता, तर खालच्या टोकाला ४०८.५ ओहम होऊन प्रवाह २१.५ वर गेला असता. दोन २२० एकापाठी एक जोडून ४४० करता येतात, पण त्यांचाही टॉलरन्स पाच टक्केच, म्हणजे प्रवाह २१ वर जाऊ शकतो. एलईडीला प्रवाहाची वरची मर्यादा असते, म्हणून गणिताच्या उत्तरापेक्षा वरचा आकडा निवडायचा. १९.७ आणि १७.८ यांतला उजेडाचा फरक डोळ्यांना कळणारही नाही, त्यामुळे इथे एक टक्क्याच्या रेझिस्टरसाठी जास्त पैसे घालू नका.

वॅटही पाहा. ८.८ चा वर्ग भागिले ४७०, म्हणजे ०.१६५ वॅट. पाव वॅटचा रेझिस्टर चालतो, पण बंद डब्यात, आणि तेही बडोद्याच्या मे महिन्यात, अर्ध्या वॅटचा घेतलेला बरा. तो कमी तापेल.

आता रेझिस्टरच्या अंगावरचे रंगीत पट्टे, ज्यांवरून तो किती ओहमचा ते वाचायचं. शाळेत इंद्रधनुष्याचे रंग आपण ‘तानापिहिनिपाजा’ असे पाठ केले. त्यातला ‘पा’, म्हणजे पारवा, सोडून द्या. उरलेले तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा हे ओळीने २ ते ७ आहेत. त्यांच्या आधी काळा ० आणि तपकिरी १. त्यांच्या नंतर करडा ८ आणि पांढरा ९. एवढंच पाठांतर.

चार पट्ट्यांच्या रेझिस्टरवर पहिले दोन पट्टे आकडे सांगतात, तिसरा पुढे किती शून्यं लावायची ते सांगतो, चौथा टॉलरन्स. सोनेरी म्हणजे पाच टक्के, रुपेरी म्हणजे दहा. आपला ४७० असा दिसेल: पिवळा, जांभळा, तपकिरी, सोनेरी. चार, सात, एक शून्य. सोनेरी पट्टा कुठल्याच आकड्यासाठी नसल्यामुळे तो कधी पहिला येत नाही. तो उजव्या हाताला ठेवून वाचा.

गफलत होते ती तिसऱ्या पट्ट्यात. पिवळसर दिव्याखाली तपकिरी आणि तांबडा सारखेच दिसतात. तिथे तांबडा असेल तर तो ४.७ किलोओहमचा, एलईडीला दोन मिलिअँपिअरही मिळणार नाहीत, तो मंद पेटेल. काळा असेल तर तो ४७ ओहमचा. मग प्रवाह दोनशे मिलिअँपिअरच्या आसपास जाऊ पाहील, एलईडी जाईल, आणि पाव वॅटच्या त्या रेझिस्टरवर दीड वॅटहून जास्त पडून तोही काळा पडेल. म्हणून शंका असेल तर उन्हात नेऊन पाहा.

निळ्या अंगाच्या एक टक्क्याच्या रेझिस्टरवर पाच पट्टे असतात: तीन आकडे, मग शून्यं, मग टॉलरन्स. इथे टॉलरन्सचा पट्टा तपकिरी असतो आणि तपकिरी पहिलाही येऊ शकतो. समजा एक किलोओहमचा आहे: तपकिरी, काळा, काळा, तपकिरी, तपकिरी. हाच उलटा वाचला तर एक, एक, शून्य आणि पुढे काही नाही, म्हणजे ११० ओहम, एक टक्का. आणि ११० हा ई२४ मधला खरा आकडा आहे! त्यामुळे यादी पाहून चूक पकडता येत नाही. काही नगांवर टॉलरन्सचा पट्टा बाकीच्यांपासून जरा दूर असतो, पण त्यावर विसंबू नका. मल्टिमीटर लावा.

मीटर लावताना रेझिस्टर सर्किटमधून बाहेर काढलेला असावा, निदान त्याचं एक टोक सुटं हवं. नाहीतर शेजारच्या वाटांमुळे आकडा कमी दिसतो. दोन्ही टोकं बोटांत धरू नका. ४७० ला फरक पडणार नाही, पण एक मेगाओहमला तुमचं शरीरच समांतर जोडलं जातं. आणि मीटरने ४५८ दाखवलं तर नग खराब नाही, तो पाच टक्क्यांच्या आतच आहे.

एक टक्का खरोखर कुठे लागतो? ५ व्होल्टचे दोन सारखे भाग करायला दहा-दहा किलोओहमचे दोन रेझिस्टर लावा. पाच टक्क्यांचे असतील आणि एक वर, एक खाली चुकला, तर मधे २.५ ऐवजी २.३७५ किंवा २.६२५ येईल. एक टक्क्यांत हीच चूक २.४७५ ते २.५२५ मधे राहते. त्या बिंदूवरून काही मोजायचं असेल, तर तिथे एक टक्का घ्या. एलईडीसमोर पाच टक्के पुरतो.